चहा, मिरची भजी आणि सत्तर रुपये: गणित जुळवून सोडवावं की पायरीपायरीनं?

सेकंड पीयूच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीच्या पोरांना समसीमांत उपयोगितेचं गणित असतं: ठरलेल्या पैशांत कुठल्या वस्तूचे किती नग घेतले तर एकूण समाधान सगळ्यात जास्त. ते दोन रीतींनी, जुळवून किंवा पायरीपायरीनं, सोडवता येतं, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ‘सर, कुठली धरू?’ मी स्वतः शिकताना पहिली धरली होती. बेळगावात टिळकवाडीत घरी शिकवणी घ्यायला लागलो तेव्हाही काही वर्षं तीच चालवली. आता दुसरीकडे वळलोय. का, ते सांगतो, पण पहिलीला नावं ठेवायची म्हणून नव्हे.

भागाकार दोन्हीकडे एकच: प्रत्येक नगाच्या सीमांत उपयोगितेला, म्हणजे त्या एका नगानं वाढलेल्या समाधानाला, त्या वस्तूच्या किमतीनं भागायचं. फरक त्यानंतरचा. जुळवणीच्या रीतीत दोन्ही वस्तूंच्या रकान्यांत सारखा आकडा कुठे येतो ते शोधतात आणि तिथला खर्च खिशाशी जमतो का बघतात. पायरीच्या रीतीत रिकाम्या हातानं सुरुवात. ज्याला रुपयामागे जास्त मिळतंय तो एक नग घ्यायचा, पैसे वजा करायचे, पुन्हा बघायचं.

तक्ता आमच्याकडच्या पावसाळ्याचा घेऊ. चहा १० रुपये, मिरची भजीची प्लेट २० रुपये. खानापूर रस्त्यावर आज हाच भाव आहे असं नाही, भागाकार सोपा जावा म्हणून धरलाय.

| नग | चहा: एकूण | सीमांत | रुपयामागे | भजी: एकूण | सीमांत | रुपयामागे |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | ४० | ४० | ४ | १०० | १०० | ५ |
| २ | ७० | ३० | ३ | १६० | ६० | ३ |
| ३ | ९० | २० | २ | २०० | ४० | २ |
| ४ | १०० | १० | १ | २२० | २० | १ |

खिशात ६० रुपये असतील तर जुळवणी झकास चालते. रुपयामागे ३ दोन्हीकडे दुसऱ्या नगाला आहे. दोन चहा २०, दोन प्लेट ४०, झाले साठ. एकूण उपयोगिता ७० अधिक १६०, म्हणजे २३०. नव्वद रुपये असतील तर २ च्या ओळीवर तीन-तीन. दोन ओळींत उत्तर, आणि जर्मन अर्थतज्ज्ञ गॉसेननं १८५४ साली मांडलेला नियम डोळ्यांसमोर उभा राहतो: शेवटच्या रुपयानं दोन्हीकडे सारखंच समाधान द्यायला हवं. एकीकडे जास्त मिळत असेल, तर दुसरीकडचा रुपया काढून तिकडे टाकायला जागा आहे. नियम समजावून सांगायला ही रीत अजूनही उजवी आहे, हे मी मान्य करतो.

माझं बिनसलं ते सत्तर रुपयांवर.

एकदा वर्गात मी साठऐवजी सत्तर लिहिलं, सहजच. अर्धी पोरं अडकली. ३ च्या ओळीवर साठ होतात, २ च्या ओळीवर नव्वद, सत्तर कुठेच नाही. काहींनी ‘संतुलन नाही’ असं लिहून पेन ठेवलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, जुळलं की वो! एक चहा, तीन भजी.’ बघितलं तर खरंच जुळत होतं. पहिल्या चहाची सीमांत उपयोगिता ४०, तिसऱ्या प्लेटची ४०. खर्च १० अधिक ६०, बरोबर सत्तर. एक पैसा शिल्लक नाही. इतकं सुबक की क्षणभर मीही मान डोलावली.

चूक दिसायला वेळ लागला. त्यानं किमतीनं भागलंच नव्हतं. तक्त्यात तयार रकाना असूनही नजर मधल्या रकान्यावर गेली, कारण त्याला हवी होती ती जुळणी तिथे मिळाली. ते चाळीस चहात दहा रुपयांना पडतात आणि भज्यात वीस रुपयांना. एक चहा, तीन भजी यांची एकूण उपयोगिता ४० अधिक २००, म्हणजे २४०. तीन चहा, दोन भजी घेतल्या तर खर्च तेवढाच सत्तर, आणि उपयोगिता ९० अधिक १६०, म्हणजे २५०.

आता हेच पायरीनं करून बघा. पहिली भजी, रुपयामागे ५. मग पहिला चहा, ४. मग दुसरा चहा आणि दुसरी भजी, दोन्हीकडे ३, दोन्ही घेता येतात. साठ संपले. उरले दहा. तिसऱ्या प्लेटला वीस लागतात, तिसरा चहा दहात बसतो, घेतला. शेवटी चहाकडे २ आणि भज्याकडे ३, बरोबरी नाहीच. तरी उत्तर तेच, कारण प्लेट अर्धी विकत मिळत नाही. नियमातली बरोबरी नग हवे तेवढे बारीक करता येतात असं धरून चाललेली असते, तक्ता अख्ख्या नगांचा असतो. जुळवणीवाल्या पोराला हे वेगळं सांगावं लागतं, पायरीवाल्याला ते आपोआप कळतं. शिवाय तो किमतीनं भागायला विसरूच शकत नाही, कारण प्रत्येक पायरीला पैसे मोजतोच आहे. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण वह्या तपासताना ‘एक चहा, तीन भजी’ मला हल्ली क्वचितच दिसतं.

सगळी मांडणी करून मोठी बेरीज निवडायची, अशी तिसरी वाटही आहे. दोन वस्तूंना ठीक. तिसरी आली की कागद पुरत नाही.

आता माझ्या आवडत्या रीतीची खोडही सांगतो. पन्नास रुपये घ्या. पहिली भजी, पहिला चहा, तीस गेले, वीस उरले. पुढे दोन्हीकडे ३. पोरगा सवयीनं चहा घेतो, कारण तो तक्त्यात डावीकडे आहे. दहा उरले, त्यात प्लेट येत नाही, म्हणून आणखी एक चहा. तीन चहा, एक भजी: ९० अधिक १००, एकूण १९०. त्याऐवजी त्या बरोबरीला भजी घेतली असती तर एक चहा, दोन भजी: ४० अधिक १६०, एकूण २००. खर्च दोन्हीकडे पन्नासच. बरोबरी आली की महाग वस्तू आधी, एवढं सांगून बहुतेकदा भागतं, पण तो नियम नव्हे. बरोबरी नसतानाही उरलेले पैसे पुढच्या नगाला पुरत नसतील तर असा झोल होऊ शकतो.

म्हणून मी शेवटी एक अदलाबदल करायला लावतो. एका प्लेटच्या पैशात दोन चहा येतात. शेवटचे दोन चहा परत केले तर ३० अधिक २०, म्हणजे ५० गेले, त्या पैशात दुसरी भजी आली तर ६० मिळाले. फायदा, म्हणजे उत्तर बदला. सत्तरच्या उदाहरणात हेच केलं तर ५० देऊन तिसऱ्या भजीचे ४० मिळतात, म्हणजे हात लावू नका. उलट बाजूनंही बघायचं: दुसरी भजी सोडली तर ६० जातात, चौथ्या चहाचे १० येतात आणि पाचवा तर त्याहून कमी देणार.

परीक्षेत नियम सिद्ध करून दाखवा असं आलं, तर जुळवणी लिहा, तिथे तीच शोभते. बजेट देऊन नग विचारले असतील, आणि ते साठ-नव्वदसारखं गोड बजेट नसेल, तर मी तरी पायरीनं जाईन. मागच्या बाकावरचा तो पोरगा आता बँकेत आहे. भेटला की अजून म्हणतो, ‘सर, जुळलं होतं की वो.’