आठ टक्क्यांचा रकाना आणि माझे अडीच टक्के

मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. लोकांच्या आवर्त ठेवींचं व्याज काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून हे लिहिताना लाज वाटते. पण मी २०१५ मध्ये विमा पॉलिसीच्या ज्या कागदाला भुललो, गेल्या महिन्यात भाचीच्या नवऱ्याला त्याच्या बँकेत अगदी तोच कागद दाखवला गेला, तेव्हा गप्प बसवेना.

जून २०१५. मुदत ठेव मोडायला बँकेत गेलो होतो. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. "ठेवीचं काय घेऊन बसलात? यात विमाही आहे आणि आठ टक्केही." एंडोमेंट पॉलिसी, मुदत १० वर्षं, विमा रक्कम ५ लाख, हप्ता कर धरून वर्षाला ५०,०००. समोर तक्ता ठेवला. त्यात दोन रकाने होते, ४ टक्के आणि ८ टक्के. साहेबांचं पेन आठवर फिरत होतं: मुदतीअखेर ६,८३,०००.

इथेच कळायला हवं होतं. ते आठ टक्के कंपनीच्या गुंतवणुकीवरचे, तेही गृहीत धरलेले. त्यातून कमिशन, खर्च आणि विम्याची किंमत वजा होऊन उरेल ते माझं. त्याच रकान्यातले ६,८३,००० घेऊन हिशेब केला असता तर दर ५.६ निघाला असता. कॅल्क्युलेटर खिशात होता हो! पण मुलगा सातवीत, मागे रांग, आणि समोर पंधरा वर्षं ओळखीचा असलेला बँकेचा माणूस. कुणीही सही केली असती.

दर वर्षी बोनसचं पत्र यायचं, "दर हजारी १५ रुपये". मला ते बरं वाटायचं. हा बोनस विमा रकमेवर असतो, म्हणजे ५ लाखांवर वर्षाला ७,५००, आणि त्या बोनसवर पुढे बोनस चढत नाही. दहा वर्षांत ७५,०००. जून २०२५ मध्ये हातात पडले ५,७५,०००, म्हणजे माझेच ५ लाख आणि वर ७५ हजार. बँकेतल्या नव्या साहेबांचे शब्द: "पंच्याहत्तर हजार निव्वळ नफा!" घरी येऊन संगणकावर हे टाकलं:

```
=RATE(10,-50000,0,575000,1)
```

उत्तर अडीच टक्के. शेवटचा १ विसरू नका, हप्ता वर्षाच्या सुरुवातीला जातो. तुमच्या पॉलिसीचे आकडे घाला, आजच घाला.

मग दुसरा हिशेब मांडला. तेव्हा मी ३६ वर्षांचा, निर्व्यसनी. ५० लाखांचा साधा मुदत विमा मला वर्षाला साधारण ८,००० ला पडला असता. उरले ४२,०००, म्हणजे महिन्याला ३,५००. पोस्टाच्या आवर्त ठेवीवर तेव्हा ८.४ टक्के होते, पाच वर्षांत २,६१,००० झाले असते. २०२० मध्ये दर पडून ५.८ झाला, तरी दुसऱ्या ठेवीचे २,४४,००० आणि पहिल्या रकमेचे पोस्टाच्या मुदत ठेवीत ३,५१,०००. एकूण ५,९५,०००. व्याजावरचा कर माझ्या खालच्या स्लॅबमध्ये फार तर दहाएक हजार, तर एंडोमेंटची रक्कम करमुक्त. म्हणजे रोख फरक दहा हजारांचाच, खोटं कशाला बोलू. वीस-तीस टक्के कर भरणाऱ्याला हा फरक उलटाही पडेल, त्याने ठेवीऐवजी पीपीएफ धरून हिशेब करावा. पण दहा वर्षं माझ्यामागे ५० लाखांऐवजी ५ लाख उभे होते. कोरोनात पंधरा दिवस दवाखान्यात होतो. काही झालं असतं तर बायकोने ५ लाखांत मुलाचं इंजिनीअरिंग करायचं होतं का?

तक्रार केली. बँक म्हणाली आम्ही फक्त एजंट, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली तक्त्यावर तुमची सही आहे, पॉलिसी परत करायची १५ दिवसांची मुदत २०१५ मध्येच संपली. २०१५ चे मॅनेजरसाहेब दोन बदल्या होऊन निवृत्त. वरच्या कार्यालयाला लिहिलं, तर माझंच पत्र कंपनीकडे गेलं आणि कंपनीचं तेच उत्तर, तारीख बदलून, माझ्याकडे आलं. तीन महिने, चार रजिस्टर पोस्ट, आणि एकाही माणसाने ५,७५,००० ला किती टक्के पडले हे लिहून दिलं नाही. तोंडी "आठ टक्के" म्हणणारे शंभर, कागदावर अडीच लिहिणारा एक नाही!

भाचीच्या नवऱ्याला सांगितलं, चार टक्क्यांच्या रकान्याची रक्कम घे आणि वरचं सूत्र लाव. त्याच्या कागदावर १.४ आले. पॉलिसी नुकतीच हातात आली होती आणि आता परत करायची मुदत ३० दिवस आहे. काल त्याने अर्ज दिला, पोच घेऊन. त्याच्या बँकेतले साहेब म्हणे फारच दुखावले.