पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा आणि लघवीचा त्रास: जेल, मॉइश्चरायझर की इस्ट्रोजेन क्रीम?

मेडिकलच्या दुकानात तीन वेगळ्या ट्यूबा 'कोरडेपणासाठी' म्हणून मिळतात. एक ल्युब्रिकंट जेल, दुसरं योनीमार्गात लावायचं मॉइश्चरायझर आणि तिसरं इस्ट्रोजेनचं क्रीम, जे चिठ्ठीशिवाय घेऊ नये. तिन्हींची कामं वेगळी आहेत. चुकीची ट्यूब वर्षभर वापरून "काही उपयोग नाही" म्हणत आलेल्या बायका माझ्या ओपीडीत नेहमी भेटतात. मी नवी मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. खाली लिहिलंय ते कुठली ट्यूब कुणासाठी, एवढं ठरवता यावं म्हणून.

आधी मुळात होतं काय ते बघू. इस्ट्रोजेन हे हार्मोन असतं तोवर योनीमार्गाचं अस्तर जाड, ओलसर राहतं आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं. त्यावर लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू जगतात, आम्ल तयार करतात आणि आतला पीएच ४.५ च्या खाली ठेवतात. पाळी गेली की अस्तर पातळ होतं, हे जंतू कमी होतात, पीएच ५ च्या वर जातो आणि आतड्यातले ई. कोलायसारखे जंतू तिथे बस्तान बसवतात. मूत्रमार्गाचं तोंड तिथून अगदी जवळ. त्याला आणि मूत्राशयालाही इस्ट्रोजेनची सवय असते. म्हणून कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, वारंवार लघवी, घाई लागणं आणि पुन्हा पुन्हा इन्फेक्शन हे सगळे एकाच घरातले प्रश्न आहेत. अंगात येणारे गरम झटके बहुतेकींचे काही वर्षांत ओसरतात. हा त्रास मात्र आपोआप जात नाही, उलट वाढत जातो.

एक उदाहरण घेते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. ऐरोलीच्या एक ताई, वय ५६, पाळी ४९ व्या वर्षी बंद. तुर्भ्याला ऑफिस. ठाणे-वाशी लोकलने प्रवास तसा थोडाच, पण घरून निघताना एकदा आणि स्टेशनवर पोचल्यावर एकदा बाथरूमला जावंच लागायचं, म्हणून सकाळी पाणी पिणं बंद केलेलं. वर्षात तीनदा लघवीत जळजळ. पहिल्यांदा फॅमिली डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, दुसऱ्यांदा तीच जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि तिसऱ्या वेळी कल्चर केलं तेव्हा ई. कोलाय निघाला. त्याशिवाय अंघोळीच्या पाण्यात रोज डेटॉल. संबंधांबद्दल मी विचारल्यावर खाली बघत म्हणाल्या, "मॅडम, ते तर दोन वर्षं बंदच आहे. दुखतं." जळजळीची तक्रार त्यांनी आपणहून सांगितली, ही नाही. तपासणीत अस्तर फिकट, पातळ आणि पीएचच्या पट्टीवर ६.

आता ट्यूबा.

ल्युब्रिकंट फक्त संबंधाच्या वेळेपुरतं. घर्षण कमी करतं, अस्तर बदलत नाही. त्रास तेवढ्यापुरताच असेल तर हे पुरेसं आहे आणि बाकी कशाच्या मागे लागायची गरज नाही. घेताना ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल भरपूर असलेलं टाळा. असं दाट जेल पेशींमधलं पाणी ओढून घेतं आणि पातळ अस्तराची आग करतं. जेल लावल्यावर चुरचुरलं तर बाईत दोष नाही, जेल बदलून बघावं. सिलिकॉनचं जेल जास्त वेळ टिकतं. खोबरेल तेल पुष्कळ जणी वापरतात आणि काहींना चालतं, पण कंडोम वापरत असाल तर नको, तेलाने लॅटेक्स फाटतं.

मॉइश्चरायझर वेगळं. ते संबंध असो-नसो, दर दोन-तीन दिवसांनी रात्री आत लावायचं. हायलुरोनिक ॲसिडचं किंवा पॉलिकार्बोफिलचं असतं. पाणी धरून ठेवतं, त्यामुळे चालताना-बसताना होणारी चरचर कमी होते. हे इस्ट्रोजेनपेक्षा कमजोर, असं सरसकट समजू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ३०२ स्त्रियांची तीन गटांत विभागणी केली होती. एका गटाला १० मायक्रोग्रॅमची इस्ट्रोजेनची योनीत ठेवायची गोळी, दुसऱ्याला मॉइश्चरायझर, तिसऱ्याला औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी आणि साधं जेल. १२ आठवड्यांनी सर्वात त्रासदायक लक्षण तिन्ही गटांत जवळपास सारखंच कमी झालं होतं. त्यामुळे नुसता कोरडेपणा असेल, लघवीची तक्रार नसेल, तर मी आधी दोन-तीन महिने मॉइश्चरायझरच नेमाने लावायला सांगते. नेमाने लावणं महत्त्वाचं. आठवलं तेव्हा लावणाऱ्यांना फरक पडत नाही.

लघवीच्या इन्फेक्शनसाठी मात्र मॉइश्चरायझरकडून अपेक्षा ठेवू नका. इथे इस्ट्रोजेन क्रीम स्पष्टपणे पुढे आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या इस्राएलमधल्या चाचणीत वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या स्त्रियांना आठ महिने इस्ट्रिऑल या प्रकारच्या इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. ज्यांना खरं क्रीम मिळालं त्यांना वर्षाच्या हिशेबाने सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं, दिखाऊ क्रीमवाल्यांना ५.९ वेळा. कारण वर लिहिलंय तेच. चांगले जंतू परत येतात आणि पीएच खाली येतो. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा इन्फेक्शन झालं तर त्याला वारंवार म्हणायचं. ऐरोलीच्या ताई त्यात बसतात, म्हणून त्यांना क्रीम.

क्रीम लावायची पद्धत नीट सांगते, कारण फसतं ते इथेच. इस्ट्रिऑलच्या क्रीममध्ये एका ग्रॅमला १ मिलिग्रॅम औषध असतं. डोस अर्धा ग्रॅम, रोज रात्री, दोन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा. सोमवार-गुरुवार असे वार ठरवलेत तर विसरणार नाही. १५ ग्रॅमची ट्यूब असेल तर पहिल्या १४ रात्रींत ७ ग्रॅम जातं आणि उरलेलं ८ ग्रॅम पुढचे आठ आठवडे पुरतं. तुमची ट्यूब तीन आठवड्यांत संपत असेल तर तुम्ही ॲप्लिकेटर काठोकाठ भरताय. भरायचं ते खुणेपर्यंतच. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेनच्या क्रीमची ताकद वेगळी असते, म्हणून मैत्रिणीचा डोस आपल्या ट्यूबला लावू नये. ॲप्लिकेटर टोचत असेल तर बोटाने आत लावा आणि थोडंसं मूत्रमार्गाच्या तोंडाभोवती. संबंधाच्या आधी जेल म्हणून हे क्रीम वापरायचं नाही.

पहिला आठवडा थोडी चुरचुर होते, कधी स्तन किंचित दुखतात. बहुतेकींचं ते थांबतं. फरक दोन-तीन आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला आठ ते बारा आठवडे. बरं वाटलं म्हणून बंद केलं की काही महिन्यांत त्रास परत.

"मॅडम, हार्मोन म्हणजे कॅन्सर ना?" हा प्रश्न ठरलेला. डब्यातल्या कागदावर लिहिलेल्या भयंकर सूचना मुख्यतः गोळ्यांच्या अभ्यासांतून आलेल्या आहेत. या कमी डोसमध्ये रक्तातलं इस्ट्रोजेन पाळी गेलेल्या बाईच्या नेहमीच्या पातळीतच राहतं. म्हणून सोबत गर्भाशयाच्या अस्तराला जपणारं प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. पण तीन ठिकाणी मी थांबते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं असेल तर आधी सोनोग्राफी, मग क्रीम. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, विशेषतः अंगातलं इस्ट्रोजेन कमी करणारी ॲरोमाटेज इनहिबिटरची गोळी चालू असेल, तर आधी मॉइश्चरायझर आणि ऑन्कॉलॉजिस्टशी बोलल्याशिवाय क्रीम नाही. लघवीतून रक्त दिसलं तर ते इन्फेक्शन म्हणून सोडून द्यायचं नाही.

आणखी एक गफलत. खाज सुटली की बुरशी समजून मेडिकलमधून बुरशीचं क्रीम आणलं जातं. पाळी गेल्यानंतर, मधुमेह नसेल तर, बुरशी कमीच होते. बाहेरच्या त्वचेवर पांढरे, चुरगळलेल्या कागदासारखे चट्टे असतील तर तो लायकेन स्क्लेरोसस असू शकतो. त्याला स्टेरॉइडचं मलम लागतं. वरच्या तिन्ही ट्यूबा तिथे कामाच्या नाहीत, दाखवूनच घ्यावं.

ताईंचं डेटॉल बंद केलं, साबण फक्त बाहेरून, सकाळचं पाणी परत सुरू. आणि पुन्हा जळजळ झाली तर गोळीआधी कल्चरची बाटली, मधल्या धारेची लघवी. तीन महिन्यांनी पीएच ५ च्या खाली होता आणि इन्फेक्शन नव्हतं. घाई थोडी उरली होती, त्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम दिले.

मग त्यांनी सहज विचारलं, "इस्ट्रोजेन लावतेय म्हणजे हाडांचंही काम होतंय ना?" नाही. क्रीम रक्तात फारसं उतरत नाही, हाच तर त्याचा गुण, आणि म्हणूनच हाडांना त्याचा फायदा नाही. हाडांना उपयोग होतो तो गोळी किंवा पॅचमधून अंगभर जाणाऱ्या इस्ट्रोजेनचा. तो वेगळा निर्णय आहे आणि गरम झटक्यांचा फार त्रास असेल, वय साठच्या आत असेल, तेव्हा तो बोलण्यासारखा असतो.

हाडांची तपासणी म्हणजे डेक्सा. कंबरेचा मणका आणि खुबा, पडून राहायचं, काही मिनिटांत होते. ६५ नंतर सगळ्यांनीच करावी. त्याआधी कुणी करावी? आईचा खुबा मोडलेला, पाळी ४५ च्या आत गेलेली, स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच महिने घेतलेल्या, वजन फार कमी, किंवा साध्या पडण्याने हाड मोडलेलं, यातलं काहीही असेल तर. सोसायटीच्या शिबिरात टाचेला मशीन लावतात ती डेक्सा नव्हे, आणि तिच्यावर निदान करता येत नाही. ताईंकडे असाच शिबिराचा 'हाडं उत्तम' असा कागद होता. आईचा खुबा ७२ व्या वर्षी मोडला होता, म्हणून मी डेक्सा करायला लावली.

रिपोर्टमध्ये टी-स्कोअर बघायचा. उणे १ किंवा त्याहून वर ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये हाडं विरळ, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. त्यांचा मणका उणे १.४ आणि खुब्याची मान उणे २.२. जो आकडा वाईट, तो धरायचा. साठीनंतर मणक्याचा आकडा फसवा चांगला येतो, कारण झिजेमुळे वाढलेलं हाड मशीन मोजतं. त्यामुळे खुब्याकडे आधी बघा.

हा आकडा अजून औषध चालू करण्याइतका नाही, पण आईचा इतिहास धरून फ्रॅक्स या हिशेबाने दहा वर्षांतली हाड मोडण्याची शक्यता काढली, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, थायरॉइड आणि क्रिएटिनिन तपासलं. डी कमी निघालं, ते भरून काढलं. क्रीम सोमवार-गुरुवार चालू आहे. पुढची डेक्सा दोन वर्षांनी, त्याच सेंटरला आणि त्याच मशीनवर, कारण दोन वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत. मधल्या काळात उंची मोजत राहायची, आणि ती दोन-तीन सेंटिमीटरने घटली तर दोन वर्षांची वाट न बघता मणक्याचा एक्स-रे काढायचा.