ध्वनिमुद्रित तुकड्याची परवानगी: आधीच सरसकट घ्यावी, की तयार तुकडा ऐकवून?

मुलाखत रेकॉर्ड झाली आहे आणि तिच्यातला दोन-तीन मिनिटांचा संपादित तुकडा ऐकवायचा आहे, अशा वेळी पत्रकारापुढे परवानगीचे दोन मार्ग असतात. पहिल्यात रेकॉर्डिंग सुरू होतानाच "यातला काही भाग आम्ही ऐकवू, चालेल ना?" असे विचारून होकारही त्याच रेकॉर्डिंगमध्ये घेतला जातो. दुसऱ्यात तुकडा कापून-जोडून झाल्यावर तो समोरच्याला ऐकवून नेमक्या त्या तुकड्यासाठी संमती मागितली जाते. पहिला मार्ग अर्ध्या मिनिटाचा आहे, दुसऱ्याला दोन-तीन दिवस सहज लागतात, आणि बातमीची घाई असताना हा फरक लहान नसतो.

प्रेस कौन्सिलच्या आचारनिकषांनुसार, काही अपवाद सोडता, कोणाचेही संभाषण त्याच्या नकळत किंवा संमतीवाचून रेकॉर्ड करायचे नसते. पहिला मार्ग ही अट पूर्ण करतो. मात्र रेकॉर्ड करू देणे वेगळे आणि बोललेल्याची नवी जुळणी मान्य करणे वेगळे. सुरुवातीला होकार देणाऱ्याला पुढे काय कापले जाणार हे माहीत नसते, आणि खरे तर ते पत्रकारालाही माहीत नसते.

असे धरू, की ठाण्यातल्या एका पत्रकाराने नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यात एका नाखव्याशी ४६ मिनिटे बोलणे केले आणि त्यातून २ मिनिटे ४० सेकंदांचा तुकडा तयार केला. अकराव्या मिनिटाला नाखवा म्हणतो, "खाडीत आता जिताडा गावत नाही," आणि लगेच पुढे, "म्हणजे पावसात गावतो थोडा, पण त्यावर घर चालत नाही." अडतिसाव्या मिनिटाला होडी लावायच्या जागेविषयी बोलताना तो म्हणतो, "भराव पडला तेव्हापासून सगळं बिघडलं." वेळ वाचवण्यासाठी मधले शेपूट गाळून ही दोन वाक्ये जोडली, तर जिताडा भरावामुळे नाहीसा झाला, असा त्याने कधीही न केलेला आरोप त्याच्याच आवाजात तयार होतो. छापील मजकुरात गाळलेल्या जागी टिंबे देता येतात. आवाजात मात्र जोडावर धक्क्यावरच्या वाऱ्याचा आणि इंजिनांचा दोन सेकंदांचा आवाज पसरला की सांधा कानाला कळतच नाही.

म्हणून नुसता तुकडा ऐकवणेही अर्धेच काम ठरते. त्याच्यासोबत लेखी उतारा द्यावा, प्रत्येक सांध्यावर खूण करावी आणि दोन्ही बाजूंची वाक्ये मूळ रेकॉर्डिंगच्या कितव्या मिनिटाला आहेत ते लिहावे. आपला प्रश्न काढून टाकला असेल तर तोही कंसात द्यावा, कारण उत्तराचा रोख बहुधा प्रश्नावर अवलंबून असतो. वाचन अवघड असलेल्या व्यक्तीला हेच फोनवर सांगता येते. विनंती साधारण अशी असावी:

"नमस्कार नाखवा. आपल्या बोलण्यातला २ मिनिटे ४० सेकंदांचा भाग सोबत पाठवत आहे. त्यात तीन ठिकाणी जोड आहेत, त्यांच्या खुणा उताऱ्यात आहेत. हा भाग आमच्या संकेतस्थळावर आपल्या नावासह ऐकवला जाईल. जोडामुळे अर्थ बदलला असेल, किंवा एखाद्या वाक्यामुळे आपल्याला त्रास होणार असेल, तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवावे. आपले उत्तर आल्याशिवाय हा भाग प्रसिद्ध करणार नाही."

यातले शेवटचे वाक्य गाळण्याचा मोह होतो आणि त्याऐवजी "उत्तर न आल्यास संमती समजू" असे लिहिले जाते; पण नाखवा दोन दिवस दर्यावर असेल, तर त्या मौनाला होकार म्हणता येणार नाही. हरकत कशावर घेता येईल हेही विनंतीत स्पष्ट असल्यामुळे संपादनाची सूत्रे समोरच्याच्या हाती जात नाहीत, आणि "ते वाक्य जरा गोड करा" अशी मागणी आली तर सौजन्याने नाही म्हणता येते.

दुसऱ्या मार्गाचा एक तोटा मात्र खरा आहे: पाठवलेला कच्चा तुकडा प्रसिद्धीआधीच व्हॉट्सॲपवर गावभर फिरू शकतो. यावर साधा उपाय म्हणजे तुकड्याच्या आरंभी आपल्याच आवाजात "हा तपासणीसाठीचा मसुदा आहे" असे बोलून ठेवणे. नाव गुप्त ठेवायचे ठरले असेल तर हा तोटा आणखी वाढतो, कारण नाव बदलले तरी कोळीवाड्यात आवाज कोणाचा हे पहिल्या वाक्यालाच ओळखू येते. अशा वेळी तुकडा न पाठवता भेटून कानाला लावून ऐकवणे बरे, आणि तो प्रसिद्ध करण्याऐवजी मजकूरच छापावा का, हेही तेव्हाच विचारावे.

महापालिकेचा अधिकारी पदाच्या नात्याने बोलत असेल आणि त्याचे सलग एक मिनिट जसेच्या तसे ऐकवायचे असेल, तर सुरुवातीचा होकार मला पुरेसा वाटतो. एक जरी जोड आला, किंवा बोलणाऱ्याला माध्यमांची सवय नसली, तर दुसराच मार्ग धरावा. वरच्या उदाहरणात नाखव्याने हरकत घेतली, तर पावसाचे शेपूट परत जोडायचे आणि भरावाचे वाक्य होडीच्या जागेच्या उल्लेखासह ठेवायचे. तुकडा दहा-बारा सेकंदांनी लांबेल, आणि तो नव्याने ऐकवून पुन्हा होकार घ्यावा लागेल.