पंधरा दिवसांत नख बरं करून देणाऱ्याच्या नादी लागू नका

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख दोन वर्षांपासून पिवळं पडत होतं. मग ते जाड झालं, टोकाकडून त्याचा भुगा पडू लागला. आमच्याकडे गोंदियाच्या बाजूला रोवणीत दिवसभर पाय बांधीच्या चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या दरवर्षीच्याच, त्यातूनच बुरशी नखात शिरली असावी.

आठवडी बाजारात एक जण तेलाच्या बाटल्या घेऊन बसायचा. "भाऊ, पंधरा दिवसांत नख गुलाबी नाही झालं तर पैसे वापस." त्याने बॅटरीच्या छोट्या मशीनने नख घासून पातळ केलं आणि वर तेल चोळलं. नख लगेच स्वच्छ दिसू लागलं. तिथेच मी फसलो. तीन बाटल्यांचे 1,800 रुपये दिले. फरक घासण्याचा होता, तेलाचा नव्हे. बुरशी नखाखाली तशीच होती. दोन महिन्यांत नख पुन्हा जाड झालं, आणि तो माणूस बाजारात दिसेनासा झाला. तेच मशीन तो न धुता प्रत्येकाच्या पायाला लावत होता, हे आठवलं की आजही राग येतो.

शेवटी सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी नखाखालचा भुगा खरवडून तपासायला पाठवला. सोरायसिसने किंवा बुटाचा मार बसत राहिल्यानेही नख असंच दिसतं, आणि तेव्हा बुरशीच्या गोळ्या फुकट जातात. माझ्या भुग्यात बुरशी सापडली. मग लिव्हरसाठी रक्त तपासलं आणि टर्बिनाफिन 250 मिलिग्रॅम, रोज एक गोळी, 12 आठवडे, असं सुरू झालं.

गोळ्या संपल्या तरी नख पिवळंच! मला वाटलं, पुन्हा फसलो. डॉक्टरांनी अंगठा उजेडात धरला. मुळाशी साधारण 4 मिलिमीटरची स्वच्छ, गुलाबी पट्टी आली होती. ते म्हणाले, "बिघडलेलं नख सुधारत नाही. ते पुढे सरकतं, तुम्ही ते कापत जायचं. औषध मागून येणाऱ्या नव्या नखाला वाचवतं." पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम एक-दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे ते पूर्ण बदलायला बारा ते अठरा महिने लागतात. पंधरा दिवसांत तर एक मिलिमीटरही नवं नख येत नाही.

तेव्हापासून दर महिन्याला मी त्या पट्टीचा फोटो काढतो. पट्टी वाढत असेल तर औषध लागू पडलं. वाढायची थांबली किंवा पिवळेपणा पुन्हा मुळाकडे सरकला, तर परत दाखवायला सांगितलं आहे. चिखल्यांना मलम लावतो, बांधीतून आलो की बेचके कोरडे करतो, कारण बुरशी तिथूनच परत येते. घरात नेलकटर आता माझं वेगळं आहे.

आज गोळ्या सुरू केल्याला अकरा महिने झाले. टोकाशी बोटभर नाही, नखभरही नाही, एवढीच पिवळी कड उरली आहे.