फोनच्या फुटेजवर मास्क आणि बॅकग्राउंड ब्लर: काही महिने वापरल्यानंतर

कारागिरांच्या मुलाखतींचे छोटे व्हिडिओ करतो, शूटिंग सगळं फोनवर. फोनच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंग्थ जेमतेम सहा-सात मिलिमीटर, त्यामुळे माणूस आणि मागची भिंत दोन्ही सारखीच शार्प. म्हणून दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंग सॉफ्टवेअरमधला, माणूस मागच्या भागापासून वेगळा काढणारा मॅजिक मास्क वापरायला लागलो (फुकटच्या आवृत्तीत तो मिळत नाही). माणसावर एक रेघ ओढायची, ट्रॅक करायचं, मास्कबाहेरचा भाग धरणारा आउटसाइड नोड जोडून त्यावर ब्लर टाकायचा. फोनवर बघितलं तर झकास. टीव्हीवर लावलं की माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. आता माझं मत असं झालंय की दोष बहुतेक वेळा मास्कचा नसतो, ब्लरचा असतो.

कोल्हापुरातल्या चपलांच्या वर्कशॉपमधला एक शॉट घ्या. पांढऱ्या सदऱ्यातले काका बुटक्या टेबलापुढे बसून रापीने चामडं कापतायत, मागे चपलांनी भरलेली गडद मांडणी. ब्लर पूर्ण फ्रेमवर होतो आणि काका त्यावर परत शार्प ठेवले जातात. म्हणजे सदऱ्याचा पांढरा रंग आधीच मांडणीत पसरलेला असतो, आणि खांद्याभोवती दुधाळ वलय उमटतं. तपासायचं असेल तर शॉट थांबवून दोनशे टक्के झूम करा आणि उजेडातला खांदा जिथे गडद भागाला भिडतो तिथे बघा. मास्क थोडा फुगवला की वलय झाकलं जातं, पण मग अंगाभोवती मागच्या चपलांची शार्प कड उरते. साध्या भिंतीपुढे ते खपतं, मांडणीपुढे नाही.

यावर खरा उपाय शूटिंगच्या वेळीच होतो. फोन ट्रायपॉडवर, एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक. मुलाखत झाली की काकांना जरा बाजूला व्हायला सांगायचं आणि रिकाम्या जागेचं दहा-पंधरा सेकंद रेकॉर्डिंग घ्यायचं. एडिटमध्ये ही रिकामी क्लिप खालच्या ट्रॅकवर ठेवून तिलाच ब्लर करायची. मुलाखतीची क्लिप वरच्या ट्रॅकवर, तिच्या नोड ग्राफमध्ये राइट क्लिक करून `Add Alpha Output` घ्यायचं आणि मास्कच्या नोडचं निळं टोक त्याला जोडायचं. खालच्या क्लिपमध्ये पांढरा सदराच नाही, मग वलय येणार कुठून? यात हातातला कॅमेरा बाद होतो, हे मान्य करूनच चाला.

टेबलाची गोष्ट वेगळी. ते काकांच्याच अंतरावर आहे, तेव्हा ते शार्पच हवं. मास्क मात्र फक्त काकांना धरतो, आणि रापी, चामडं अर्धवट सोडून देतो. त्यामुळे वरच्या ट्रॅकवर टेबलाभोवती एक पॉवर विंडो काढून ती मास्कमध्ये मिळवतो, मागच्या बाजूची कड भरपूर मऊ ठेवून. चामडं, बोटं, रापी सगळं मूळ शॉटमधलंच राहतं. काका बोलताना रापी हवेत उचलतात तेवढ्या फ्रेम्स हाताने दुरुस्त कराव्या लागतात. केसांचंही तसंच. भुरभुरणारे केस पूर्ण सुटत नाहीत, कडेला चिखल होतो. मी तिथे मास्क थोडा आत घेतो आणि दोन-चार बटा गेल्या तर जाऊ देतो.

ब्लर किती ठेवायचा, इथे बहुतेकांचा हात सैल सुटतो. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ मिमीचा व्ह्यू देतो. खऱ्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी, एफ/२, माणूस दीड मीटरवर आणि भिंत तीन मीटरवर असेल, तर भिंतीवरचा एक ठिपका १९२० पिक्सेल रुंदीच्या फ्रेममध्ये साधारण पाच पिक्सेलचा होतो. बस, इतकंच. तेच ५० मिमी, एफ/१.८ असेल तर साधारण पंचवीस. वाइड शॉटवर पंचवीस पिक्सेलचा ब्लर टाकला की डोळ्याला नक्की काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण चुकतंय हे कळतं. म्हणून असे शॉट मी आता फोनच्या २एक्स लेन्सवर घेतो आणि फोन मागे नेतो.

शेवटी ग्रेन. ब्लरमध्ये मागचा सगळा नॉइज पुसला जातो आणि काकांच्या चेहऱ्यावर मात्र तो राहतो. खालच्या ट्रॅकवर हलका ग्रेन परत टाकला की दोन्ही थर जुळतात, शिवाय भिंतीवर उमटणारे रंगांचे पट्टेही दबतात.

बसून बोलणाऱ्या माणसाच्या शॉटला ही मेहनत वसूल होते. पूर्ण उंचीच्या, चालत्या माणसावर मी ती करत नाही, कारण पायाखालची जमीन हळूहळू धूसर व्हायला हवी आणि ती ग्रेडियंट दर पावलाला सरकवत बसावी लागते. तिथे सपाट फुटेज सपाटच ठेवतो.