कामाचे दिवस मोजून डिलिव्हरीची तारीख: WORKDAY फॉर्म्युला अकरा महिने वापरल्यानंतर

मार्च २०२५ पासून आमच्या टीमच्या प्रत्येक प्रोजेक्टची डिलिव्हरीची तारीख मी WORKDAY आणि WORKDAY.INTL या फॉर्म्युल्यांनी काढतो आहे. त्याआधी कॅलेंडर समोर ठेवून बोटाने मोजायचो. एक्सेल आणि गूगल शीट्स या दोन्हींत हे फॉर्म्युले सारखेच चालतात, त्यामुळे खाली लिहिलेलं दोन्हीकडे लागू आहे. फॉर्म्युल्याने स्वतः एकदाही चुकीचं उत्तर दिलं नाही. मी त्याला काय विचारतोय हे मला नीट कळलेलं नव्हतं, आणि ते कळायला बरेच महिने गेले.

पहिला प्रोजेक्ट सोमवारी, ३ मार्च २०२५ ला सुरू होणार होता. काम वीस दिवसांचं, शनिवार-रविवार सुट्टी, मध्ये दुसरी सुट्टी नाही. मी A2 मध्ये सुरुवातीची तारीख टाकली, B2 मध्ये 20, आणि शेजारी लिहिलं:

```
=WORKDAY(A2,B2)
```

आधी सेलमध्ये 45747 असा आकडा आला. सेलला तारखेचं फॉरमॅट दिलं की तोच आकडा ३१ मार्च दिसतो, त्यामुळे तिथे घाबरण्यासारखं काही नाही. ती तारीख मी क्लायंटला कळवली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "अहो, तुम्ही वीस दिवस म्हणालात आणि इथे तर एकवीस होतायत." त्यांनी दोन्ही तारखा NETWORKDAYS मध्ये टाकून पाहिल्या होत्या आणि त्यांचं उत्तर खरंच २१ होतं.

दोघांचंही बरोबर होतं. WORKDAY सुरुवातीचा दिवस मोजत नाही, तो त्या दिवसानंतरचे कामाचे दिवस मोजतो. NETWORKDAYS मात्र सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरतो. सोमवारी सकाळी काम सुरू केलं तर तो सोमवार माझ्या टीमसाठी पहिला दिवस असतो, WORKDAY साठी तो शून्यावा. म्हणजे आमचे वीस दिवस शुक्रवारी, २८ मार्चलाच पूर्ण होत होते. फरक कामाच्या एका दिवसाचा, पण मध्ये शनिवार-रविवार आल्यामुळे कॅलेंडरवर तो तीन दिवसांचा दिसत होता.

तेव्हापासून मी सुरुवातीच्या तारखेतून एक वजा करतो:

```
=WORKDAY(A2-1,B2)
```

हा नुसता एक दिवस कमी करायचा उपाय आहे असं मला आधी वाटलं होतं. त्यातला खरा फायदा पुढे लक्षात आला, एक वर्क ऑर्डर शनिवारी आली तेव्हा. वीस दिवसांचंच उदाहरण घेऊ. साध्या WORKDAY मध्ये सुरुवात शुक्रवार २८ फेब्रुवारी, शनिवार १ मार्च किंवा रविवार २ मार्च, काहीही टाका, उत्तर २८ मार्चच येतं. सोमवार ३ मार्च टाकला की ते उडी मारून ३१ मार्चवर जातं. म्हणजे कागदावर रविवारऐवजी सोमवार लिहिला एवढ्यावरून डिलिव्हरी तीन दिवस पुढे जाते, आणि प्रत्यक्षात दोन्ही वेळा लोक कामाला लागणार सोमवारीच. एक वजा केलेल्या फॉर्म्युल्यात शनिवार, रविवार आणि सोमवार या तिन्हींचं उत्तर २८ मार्च येतं आणि शुक्रवारचं २७ मार्च. कामाचा पहिला दिवस म्हणजे त्या तारखेला किंवा त्यानंतर येणारा पहिला चालू दिवस, हा अर्थ त्यात आपोआप बसतो.

याचा अर्थ साधा फॉर्म्युला टाकाऊ आहे असा नाही. करारात "ऑर्डर मिळाल्यानंतर वीस कामाचे दिवस" असं लिहिलेलं असेल, तर ऑर्डरचा दिवस धरायचा नसतो आणि तिथे WORKDAY जसाच्या तसा चालतो. "नंतर" आणि "पासून" या दोन शब्दांत नेमका हा एक दिवस आहे. आता मी आधी करारातलं ते वाक्य वाचतो, मग फॉर्म्युला लिहितो.

प्रोजेक्टचे टप्पे असतील तर हीच गोष्ट उलट्या बाजूने त्रास देते. एक वजा करून पाच दिवसांचा पहिला टप्पा काढला, तो शुक्रवारी संपला, आणि दुसऱ्या टप्प्याची सुरुवात म्हणून तोच शुक्रवार टाकला, तर तो दिवस दोनदा मोजला जातो. चार टप्प्यांत असे तीन दिवस गळतात आणि शेवटची तारीख कागदावर सुंदर दिसते. पुढच्या टप्प्याची सुरुवात म्हणून मागच्या टप्प्याच्या शेवटच्या तारखेवर WORKDAY ने 1 दिवस वाढवून घ्यायचा, सुट्ट्यांच्या यादीसकट. तपासायला सोपं आहे: सगळ्या टप्प्यांच्या दिवसांची बेरीज आणि त्याच यादीसकट काढलेला पूर्ण कालावधीचा NETWORKDAYS एकच यायला हवेत.

जूनपासून आम्ही दुसऱ्या एका टीमबरोबर काम करतोय. त्यांना सगळे रविवार आणि महिन्याचा फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. WORKDAY ला साप्ताहिक सुट्टी म्हणून शनिवार-रविवार सोडून दुसरं काही कळत नाही, म्हणून इथे WORKDAY.INTL लागला. त्यात तिसऱ्या जागी साप्ताहिक सुट्टी सांगता येते. 1 म्हणजे शनिवार-रविवार, 11 म्हणजे फक्त रविवार. दुसरा-चौथा शनिवार सांगायचा मात्र कुठलाही आकडा नाही. यावर सरळ मार्ग असा, की साप्ताहिक सुट्टी फक्त रविवार ठेवायची आणि बंद असलेले शनिवार तारखेनिशी सुट्ट्यांच्या यादीत लिहायचे:

```
=WORKDAY.INTL(A2-1,B2,11,Holidays)
```

Holidays हे मी सुट्ट्यांच्या रकान्याला दिलेलं नाव आहे. नाव द्यायचं नसेल तर रेंजला डॉलरची चिन्हं लावावीच लागतात. नाहीतर फॉर्म्युला खाली ओढला की रेंजही खाली सरकते आणि यादीतल्या पहिल्या सुट्ट्या एकेक करून गायब होतात. मार्चच्याच तारखा घेतल्या, तर फक्त रविवार सुट्टी धरून वीस दिवस २५ मार्चला संपतात. ८ आणि २२ मार्च हे दोन शनिवार यादीत टाकले की उत्तर २७ मार्च येतं.

साप्ताहिक सुट्टी सांगायची आणखी एक पद्धत आहे, शून्य आणि एक अशा सात अक्षरांची. सोमवारपासून सुरुवात करायची, काम असेल तिथे 0, सुट्टी असेल तिथे 1. म्हणजे "0000011" याचा अर्थ शनिवार-रविवार सुट्टी. ही पद्धत वाचायला छान आहे, आणि मला सगळ्यात जास्त त्रासही हिनेच दिला. मी ती अक्षरं फॉर्म्युल्यात न लिहिता वेगळ्या सेलमध्ये ठेवली होती, टीमप्रमाणे बदलता यावीत म्हणून. सेलमध्ये 0000011 टाइप केलं की शीट त्याला आकडा समजतं, पुढचे शून्य गाळतं आणि उरतो 11. आणि 11 म्हणजे फक्त रविवार सुट्टी! म्हणजे फॉर्म्युला कुठलीही चूक न दाखवता सगळे शनिवार कामाचे धरू लागतो. तसंच रविवार सुट्टीसाठी 0000001 लिहिलं तर उरतो 1, आणि त्याचा अर्थ होतो शनिवार-रविवार. दोन्ही अर्थांची अगदी अदलाबदल.

एका प्रोजेक्टची तारीख मला जरा जवळची वाटली म्हणून मी कॅलेंडरवर मोजली, तेव्हा हे सापडलं. सेलमध्ये अक्षरं डावीकडे चिकटलेली दिसायला हवी होती, ती उजवीकडे होती. उजवीकडे आकडे बसतात. यावर उपाय म्हणजे त्या सेलचं फॉरमॅट आधी टेक्स्ट करून मग टाइप करायचं, किंवा फॉर्म्युल्यात थेट अवतरण चिन्हांत लिहायचं. मी सध्या 11 हाच आकडा वापरतो, कारण त्यात गाळायला शून्यच नाहीत.

डिसेंबरमध्ये जे झालं ते अजून लक्षात आहे. १ डिसेंबर २०२५, सोमवार, तीस दिवसांचं काम, शनिवार-रविवार सुट्टी. यादीत २५ डिसेंबरची सुट्टी होती, उत्तर आलं १२ जानेवारी. शेजारी बसणारी सहकारी म्हणाली, "दादा, एक तारखेला पण बंद आहे ना आपल्याकडे?" बंद होतंच. पण माझी यादी २०२५ ची होती आणि ती २५ डिसेंबरलाच संपत होती. १ जानेवारी यादीत टाकल्यावर खरी तारीख आली १३ जानेवारी. यादी संपली आहे हे फॉर्म्युल्याला कळायला काही मार्ग नाही, त्याच्या लेखी पुढच्या वर्षात सुट्ट्याच नाहीत. एकच दिवस चुकला होता म्हणून निभावलं, पण तीन-चार महिन्यांचं काम असतं तर आठवडाभराची तूट सहज आली असती. त्या दिवशी मी तारखेशेजारी हा रकाना जोडला:

```
=IF(YEAR(C2)>YEAR(MAX(Holidays)),"यादी वाढवा","ठीक")
```

C2 मध्ये डिलिव्हरीची तारीख आहे. तारीख ज्या वर्षात पडते त्या वर्षाची एकही सुट्टी यादीत नसेल तर हा रकाना बोलतो. यादी अर्धवट भरली असेल तर मात्र तो गप्प राहतो, म्हणून नव्या वर्षाची यादी मी एकाच बैठकीत पूर्ण भरतो. सुट्टी रविवारी आली किंवा एकच तारीख दोनदा लिहिली गेली तरी काही बिघडत नाही, ती दोनदा वजा होत नाही.

दिवसांच्या जागी अपूर्णांक चालत नाही हेही लिहून ठेवतो. 12.5 लिहिलं तर तो 12 धरतो, अर्धा दिवस विचारल्याशिवाय सोडून देतो. अंदाज तासांत येत असतील तर आधी त्यांचे दिवस काढून ROUNDUP करून घ्यावं.

एक गरज मात्र अजून नीट भागलेली नाही. कधीकधी एखादी सुट्टी जोडून घेतात आणि तिच्या बदल्यात एक शनिवार भरायचा असतो. सुट्ट्यांची यादी फक्त दिवस काढून घेते, परत देत नाही. साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार ठेवली तर तो भरायचा शनिवार कामाचा आहे हे सांगायची सोयच नाही. त्यामुळे अशा टीमसाठीही मी 11 ठेवतो आणि वर्षातले सगळे बंद शनिवार यादीत उतरवतो, फक्त भरायचा तेवढा वगळतो. वर्षाला पन्नासेक ओळी होतात. पहिली तारीख लिहून तिच्याखाली वरच्या सेलमध्ये सात मिळवणारा फॉर्म्युला ओढला की दोन मिनिटांत भरतात. मग हे आकडे व्हॅल्यू म्हणून पेस्ट करून तो एक शनिवार पुसायचा. व्हॅल्यू न करता पुसला तर खालच्या सगळ्या तारखा त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे 1900 सालात जाऊन पडतात, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.