पक्का ब्लॉक कधी म्हणायचा: बिटकॉइन की कॉसमॉस?

आमच्या गटातल्या एकाला ऑनलाइन विक्रीत क्रिप्टोने पैसे घ्यायचे आहेत. त्याचा प्रश्न असा, की पैसे आल्यावर माल कधी सोडायचा?

वेळ पाहिली तर बिटकॉइनमध्ये सरासरी १० मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, साखळीला जोडला जातो. तो उलटू शकतो, म्हणून वर आणखी ब्लॉक चढेपर्यंत थांबतात. सहा ब्लॉकांचा रिवाज आहे, म्हणजे साधारण तासभर. तरीही उलटण्याची शक्यता उरतेच, फक्त ती घटत जाते. मार्च २०१३ मध्ये सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांत फूट पडली तेव्हा तब्बल २४ ब्लॉक बाद झाले होते.

कॉसमॉस हब या जाळ्यावर व्हॅलिडेटर, म्हणजे ठेव लावून ब्लॉक तपासणारे, मत देतात. एकजण ब्लॉक मांडतो, मग मतदानाच्या दोन फेऱ्या होतात. दोन्हींत दोन-तृतीयांशांहून जास्त मतशक्ती जमली की ब्लॉक काही सेकंदांत कायमचा. समान वजनाचे १०० व्हॅलिडेटर धरा: ६७ मते लागतात. एकाच उंचीवर, म्हणजे साखळीतल्या एकाच क्रमांकावर, दोन वेगळे ब्लॉक पक्के व्हायचे तर किमान ३४ जणांनी दोन्हीकडे मत द्यावे लागेल. तशा दुहेरी सह्या पुरावा म्हणून उरतात आणि ठेव कापली जाते.

बिघाडात मात्र चित्र उलटते. ३४ जण बंद पडले की कॉसमॉस थांबते, नवा ब्लॉकच येत नाही. बिटकॉइनचे निम्मे मायनर, म्हणजे ब्लॉक तयार करणारे, गेले तरी साखळी चालते, फक्त संथ.

लगेच माल सोडायचा असेल तर मी मतदानवालेच जाळे घेईन. मोठी रक्कम असेल, तासभर थांबता येत असेल आणि जाळे ठप्प होणे परवडत नसेल, तर बिटकॉइन.